भरलेला सिलिंडर उचलताना

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गॅसचे दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे आहेत. एक भरलेला, एक रिकामा. रंग तोच, उंची तीच, घेर तोच. रिकाम्याचे वजन साधारण १५ ते १६ किलो असते आणि आत १४.२ किलो गॅस भरला की ते ३० किलोच्या आसपास जाते. म्हणजे एक दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट जड. पण चित्रकाराने दोघांची चित्रे काढली, तर ती तंतोतंत सारखी येतील. कागदावरच्या सिलिंडरला वजन नसते, संगणकावरच्यालाही नसते. आता एका पात्राला त्यातला एक सिलिंडर उचलायचा आहे. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. तरी बघणाऱ्याला दोन-तीन सेकंदांत कळले पाहिजे की हा भरलेला आहे.

ॲनिमेशन शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा गृहपाठ मिळतो. वस्तू खोका असेल, दगड असेल किंवा पोते असेल, पण प्रश्न एकच असतो. वजन वस्तूत दाखवता येत नाही, ते उचलणाऱ्याच्या शरीरात दाखवावे लागते. आणि त्यातले बरेचसे वस्तू जमिनीवरून हलण्याआधीच दाखवून झालेले असते.

प्रेक्षकाची नजर या बाबतीत किती तयार असते, याचा पुरावा स्वीडनमधल्या एका प्रयोगातून मिळाला. स्वेर्कर रूनेसोन आणि गुनिला फ्रिकहोल्म या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली तो प्रसिद्ध केला. माणसांच्या सांध्यांवर प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या लावायच्या आणि चित्रण असे करायचे की पडद्यावर फक्त हलणारे ठिपके दिसतील, ही युक्ती गुन्नार योहान्सोन यांनी आधीच रूढ केली होती. रूनेसोन आणि फ्रिकहोल्म यांनी अशा ठिपक्यांच्या माणसांना वेगवेगळ्या वजनाचा खोका उचलायला लावला. बघणाऱ्यांना चेहरा दिसत नव्हता, फुगलेले स्नायू दिसत नव्हते, घाम दिसत नव्हता. तरीही खोका किती जड असेल याचा अंदाज त्यांनी बऱ्यापैकी अचूक सांगितला.

दोन वर्षांनी याच जोडीने आणखी एक निष्कर्ष मांडला आणि ॲनिमेटरला तो जास्त कामाचा आहे. या वेळी उचलणाऱ्यांना सोंग करायला सांगितले होते. खोका हलका असला तरी जड असल्यासारखा उचलायचा. बघणाऱ्यांनी ते सोंगही ओळखले, वर खरे वजन किती आणि दाखवायचे होते किती, हे दोन्ही त्यांना सांगता आले. माणूस जन्मभर स्वतः वस्तू उचलत आणि इतरांना उचलताना बघत आलेला असतो. तेव्हा पात्राच्या कपाळावर घामाचे थेंब काढून आणि दात-ओठ खायला लावून ही नजर फसत नाही.

त्यामुळे ॲनिमेटर कामाला बसण्याआधी स्वतःचा किंवा सहकाऱ्याचा जो संदर्भ व्हिडिओ काढतात, त्यात एक सापळा असतो. रिकामा खोका घेऊन जड असल्याचा अभिनय केला, तर तो अभिनयच पडद्यावर उतरतो. त्यात गुडघे वाकतात, चेहरा पिळवटतो, पण कंबर योग्य वेळी योग्य दिशेने सरकत नाही, कारण तिला सरकण्याचे कारणच नसते. म्हणून खोक्यात खरोखर पुस्तके भरावीत, नाहीतर पाण्याचा भरलेला वीस लिटरचा जार घ्यावा, तो साधारण २० किलोचा होतो. अर्थात स्वतःला झेपेल तेवढेच घ्यावे. व्हिडिओ समोरून आणि बाजूने असा दोनदा काढावा. समोरून डावी-उजवी कलंड दिसते, पण वजनाची मुख्य गोष्ट, म्हणजे कंबर मागे किती गेली हे, बाजूने काढलेल्या व्हिडिओतच कळते. ही गरज जुनी आहे. एडवर्ड मायब्रिज यांनी १८८७ साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या हालचालींची ७८१ छायाचित्र-पाने प्रसिद्ध केली, तीही एकाच क्रियेचे अनेक कोनांतले क्षण शेजारी शेजारी ठेवून. ती पाने ॲनिमेटर आजही चाळतात.

कंबर मागे का जाते, हे आधी बघू. उभा माणूस पडत नाही, कारण त्याच्या वजनाचा मध्य त्याच्या दोन पावलांनी व्यापलेल्या जागेच्या वर असतो. हातात सिलिंडर आला की तोलायचे ओझे एका माणसाचे राहत नाही, माणूस अधिक सिलिंडर असे होते. या दोघांचा मिळून जो मध्य येतो, तो पावलांच्या वर राहिला पाहिजे. समजा, पात्र ६० किलोचे आहे आणि ३० किलोचा सिलिंडर त्याने पोटाशी धरला आहे. सिलिंडर जाडजूड असल्याने त्याचा मध्य पावलांच्या मध्यापासून सुमारे ३० सेंटिमीटर पुढे राहतो. सिलिंडर माणसाच्या निम्म्या वजनाचा आहे, म्हणून माणसाच्या शरीराचा मध्य त्याच्या निम्मा, म्हणजे १५ सेंटिमीटर मागे जायला हवा. रिकामा सिलिंडर असेल, तर साडेसात सेंटिमीटर पुरतात.

हा हिशेब कुणी फूटपट्टी लावून करत नाही, पण चित्र बरोबर आहे की नाही ते यावरूनच ठरते. नवख्याच्या कामात सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे पात्र ताठ उभे असते आणि सिलिंडर त्याने हात पुढे करून धरलेला असतो. चेहऱ्यावर कितीही कष्ट असले, तरी तो सिलिंडर पुठ्ठ्याचा वाटतो, कारण खऱ्या वजनाने तो माणूस केव्हाच तोंडावर पडला असता. पडत नाही, त्या अर्थी सिलिंडर हलका, असे नजर स्वतःच ठरवून टाकते. उपाय म्हणून पाठ मागे कलवावी, सिलिंडर शरीराला चिकटवावा, पावले थोडी फाकवावीत आणि पुन्हा बघावे. एका हाताने बाजूला धरलेला असेल, तर धड विरुद्ध बाजूला कलते, रिकामा हात शरीरापासून दूर जातो आणि ज्या खांद्यावर ओझे आहे तो खाली ओढला जातो. या स्थिर चित्रांना ॲनिमेटर की पोझ म्हणतात. हालचाल सुरू होण्याआधी प्रत्येक की पोझ एकटीने वजन सांगू शकली पाहिजे.

यानंतर येते पूर्वतयारी. डिस्ने स्टुडिओतले ज्येष्ठ ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ सालच्या ‘द इल्युजन ऑफ लाइफ’ या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वे मांडली. त्यातले एक म्हणजे अँटिसिपेशन, म्हणजे मुख्य हालचालीआधीची उलट दिशेची तयारी. उडी मारणारा आधी खाली बसतो, चेंडू फेकणारा आधी हात मागे नेतो. ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटाच्या ॲनिमेशनचे प्रमुख रिचर्ड विल्यम्स यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तकात वजनावर बरीच पाने खर्ची घातली आहेत. वस्तू किती जड आहे हे ती उचलण्याआधी माणूस किती तयारी करतो त्यावरून कळते, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे.

सिलिंडरच्या बाबतीत ही तयारी दोन पायऱ्यांनी होते. पहिली मनाची. माणूस जवळ येतो, थांबतो, सिलिंडरकडे बघतो. घरोघरी केली जाणारी एक कृती इथे फार उपयोगी पडते. सिलिंडर भरलेला आहे की संपत आलाय हे बघायला माणूस वरच्या गोल कड्याला धरून तो थोडा हलवून बघतो. रिकामा सिलिंडर चटकन कलतो आणि चटकन परत बसतो. भरलेला आधी हलतच नाही, मग जेमतेम कलतो आणि सोडताच खाली बसतो. ही दोन सेकंदांची कृती दाखवली की उचलणे सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षकाला वजन समजलेले असते. पात्राला ते समजले हेही समजते, कारण ते एक श्वास घेते आणि पावले जागेवर आणते.

दुसरी पायरी शरीराची. वर जायचे म्हणून शरीर आधी खाली जाते. रिकाम्या सिलिंडरसाठी माणूस कमरेत जरासा वाकतो, एक हात कड्यात घालतो, दुसरा हात मोकळा. चित्रपटात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. त्या हिशेबाने हे वाकणे सहा-आठ फ्रेमचे, म्हणजे पाव ते एक तृतीयांश सेकंदाचे. भरलेल्यासाठी तो पावले सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना आणतो, गुडघे वाकवतो, कंबर खाली आणि मागे नेतो, दोन्ही हातांनी कडे धरतो. याला सोळा ते वीस फ्रेम लागतात आणि पकड घट्ट करायला आणखी सात-आठ. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत, पात्र आणि प्रसंग बघून ते बदलतात. दोन्हींमधले प्रमाण मात्र महत्त्वाचे आहे. हलक्या वस्तूसाठी मोठी तयारी केली, तर प्रेक्षक मोठ्या वजनाची अपेक्षा धरून बसतो आणि वस्तू भुर्रकन वर आली की त्याला हसू येते. विनोद हवा असेल तर ते चांगलेच, नको असेल तर ती चूक.

आता खरा क्षण. पात्राने कडे धरले आहे आणि ते उठायला लागले आहे. इथे बहुतेक नवखे ॲनिमेटर सिलिंडरही त्याच फ्रेमपासून वर न्यायला सुरुवात करतात आणि तिथेच सगळे वजन हातचे जाते.

खरे काय होते ते बघा. तीस किलोचा सिलिंडर जमिनीवरून सुटायचा, तर हातांचा ओढा तीस किलोच्या पुढे जावा लागतो. स्नायू शून्यापासून सुरुवात करतात, तो ओढा वाढत जायला वेळ लागतो आणि तोवर सिलिंडर जागचा हलत नाही. शरीर मात्र हलत असते. आधी कंबर काही सेंटिमीटर वर येते. तिच्यामागून छाती उचलली जाते. हातांमधली ढील संपते, कोपरे ताणून सरळ होतात, खांदे मानेपासून खाली ओढले जातात. पाठीचा बाक थोडा वाढतो. या आठ-दहा फ्रेममध्ये वरचे सगळे शरीर एका दिशेने ताणले जाते आणि त्याच्या टोकाला सिलिंडर जमिनीला धरून बसलेला असतो. मग त्याची एक कडा दोन-तीन फ्रेम आधी सुटते, सिलिंडर किंचित कलतो आणि पूर्ण उचलला जातो.

रिकाम्या सिलिंडरमध्ये हा क्रम उलटा असतो. तिथे हात पुढाकार घेतो. हात वर निघतो, कोपर लगेच वाकते, सिलिंडर दोन-तीन फ्रेममध्ये सुटतो आणि धड मागून सरळ होते. हलकी वस्तू हाताने उचलली जाते, जड वस्तू पायांनी आणि कमरेने. हालचाल कोणत्या अवयवापासून सुरू होते, एवढे एकच बघितले तरी ॲनिमेटरला वजन कळले आहे की नाही हे सांगता येते. कोपर हीसुद्धा एक खूणगाठ आहे. भरलेल्या सिलिंडरच्या बाबतीत तो मांडीपर्यंत येईतो कोपरे वाकायला नकोत.

सिलिंडर सुटल्यावर तो किती हळू वर जातो, याचाही छोटा हिशेब आहे. धरून चाला की पात्राचा ओढा ३६ किलोइतका आहे. त्यातले ३० किलो फक्त सिलिंडर तोलून धरण्यात जातात आणि त्याला वर ढकलायला उरतात ६ किलो. हाच ओढा पंधरा किलोच्या रिकाम्या सिलिंडरला लावला, तर वर ढकलायला तब्बल २१ किलो उरतात आणि ढकलायचे वजनही निम्मेच असते. परिणामी वजन दुप्पट, पण वेग पकडण्यातला फरक सातपट होतो. जड वस्तू हलकीपेक्षा थोडीशी हळू नाही, खूपच हळू निघते, त्याचे कारण हे आहे.

फ्रेममध्ये मांडले तर असे दिसते. वरच्या हिशेबाने भरलेला सिलिंडर पहिल्या चार फ्रेममध्ये जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर उचलला जातो. आठव्या फ्रेमपर्यंत सुमारे ११ सेंटिमीटर आणि बाराव्या फ्रेमपर्यंत २४-२५ सेंटिमीटर. सुरुवातीच्या चित्रांमधले अंतर इतके कमी असते की ती एकमेकांवर जवळजवळ चढलेली दिसतात आणि पुढे ती विरळ होत जातात. एखाद्या क्रियेला किती फ्रेम लागतात त्याला टायमिंग म्हणतात आणि त्या फ्रेमची चित्रे एकमेकांपासून किती अंतरावर पडतात त्याला स्पेसिंग. वजन दाखवणे म्हणजे क्रियेला जास्त फ्रेम देणे, असे शिकणाऱ्याला वाटते. वजन मुख्यतः स्पेसिंगमध्ये असते.

हा फरक समजला नाही की एक ठरावीक दोष येतो. सगळी क्रिया सारखीच संथ केली जाते. पात्र संथपणे वाकते, संथपणे उठते, सिलिंडर एकाच गतीने वर तरंगत येतो. बघणाऱ्याला वाटते, हे पाण्याखाली चालले आहे. संगणकावर हा दोष आणखी सहज घडतो. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये खालची पोझ आणि वरची पोझ दिली की मधल्या फ्रेम तो स्वतः भरतो, त्याही सुरुवातीला आणि शेवटी सारख्याच गुळगुळीत वक्राने. त्या वक्रात झगडा नसतो. स्टुडिओंमध्ये अशा कामाला फ्लोटी म्हणतात आणि ते ऐकले की ॲनिमेटरला ग्राफ एडिटर उघडून वक्र हाताने मोडावा लागतो. सुटण्याआधीचा भाग सपाट करायचा, सुटतानाचा चढ अगदी मंद ठेवायचा, मग चढ वाढवायचा आणि मध्ये एकदा अडवायचा.

मधले अडवणे आवश्यक आहे, कारण तीस किलो एका दमात छातीपर्यंत कुणी नेत नाही. सिलिंडर मांडीवर येतो आणि तिथे टेकतो. सात-आठ फ्रेम शरीर थांबते, पण गोठत नाही. कंबर किंचित खाली बसते, गुडघा भार घेतो, हात कड्यावरून निघून एक तळाला जातो. मग मांडीचा धक्का, छोटी झेप, आणि सिलिंडर पोटाशी येतो. वर पोचल्यावर तो नेमक्या जागी थांबत नाही. जरा वर जातो, मग शरीराला घेऊन दोन-तीन सेंटिमीटर खाली बसतो आणि मग स्थिरावतो. पुढची पावले आखूड पडतात, पाय जमिनीपासून फार उचलले जात नाहीत, गुडघे पूर्ण सरळ होत नाहीत.

तांत्रिक बाजूने इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. संगणकावर सिलिंडर हाताला बांधला, तर हात जाईल तिकडे तो मुकाट्याने जातो आणि प्रेक्षकाला हातच मालक वाटतो. म्हणून जड वस्तूच्या दृश्यात अनेक ॲनिमेटर उलटे करतात. सिलिंडरची हालचाल स्वतंत्रपणे बसवतात आणि हात त्याला बांधतात. मग हाताला सिलिंडरच्या मागे ओढले जावेच लागते. हात वस्तूवर सरकणे, हा दोषही त्यामुळे टळतो. बोटे एका फ्रेममध्ये कड्यावर आणि पुढच्या फ्रेममध्ये दोन सेंटिमीटर बाजूला गेली, तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

आता जरा वेगळा प्रसंग. पात्र बोलत बोलत येते, सिलिंडर रिकामा आहे असे समजून एका हाताने कडे धरते आणि चालता चालताच उचलते. सिलिंडर भरलेला असतो. किती जोर लावायचा हे मेंदूने वस्तूला हात लागण्याआधीच ठरवून टाकलेले असते आणि इथे तो अंदाज निम्म्यावर चुकला आहे. हात कड्यापाशी राहतो, शरीर पुढे जाते, तीन-चार फ्रेममध्ये हात हिसका बसून सरळ होतो, खांदा खाली ओढला जातो, डोके मागे झटकते. मग दहा-बारा फ्रेम काहीच घडत नाही. पात्र सिलिंडरकडे बघते. त्यानंतर ते वळते, पावले फाकवते, दोन हात लावते. फसलेला प्रयत्न आणि नंतरची तयारी एकापाठोपाठ आल्यामुळे वजन दोनदा सांगितले जाते आणि पात्राचा स्वभावही कळतो. उलट प्रसंगही तितकाच बोलका असतो. भरलेला समजून पूर्ण तयारीने ओढा लावला आणि सिलिंडर रिकामा निघाला, तर तो वर उसळतो आणि माणूस दोन पावले मागे जातो. मघाचा सातपटीचा हिशेब तिथे डोळ्यांनी दिसतो.

वजन हे वस्तू आणि उचलणारा यांच्यातले नाते असते, हेही यातून कळते. रोज शेकडो सिलिंडर वाहणारा माणूस त्याच तीस किलोंसाठी वेगळा उचलतो. तो सिलिंडर आधी कलवतो, बुडाच्या कडेवर फिरवतो, गुडघ्याचा धक्का देतो आणि त्याच झोतात खांद्यावर घेतो. तयारी लहान, मधला थांबा जवळपास नाही. पण खांद्यावर आल्यावर मान बाजूला जाते, धड विरुद्ध बाजूला कलते आणि पावले जड पडतातच. कौशल्याने कष्टाचा दिखावा कमी होतो, तोल साधण्याची गरज मात्र तशीच राहते. पिक्सारच्या ‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४) या चित्रपटात बॉब हा नायक रागाच्या भरात आपली मोटार दोन्ही हातांनी डोक्यावर उचलतो. प्रेक्षक ते मान्य करतो, कारण त्या माणसाची शक्ती आधी दाखवलेली असते आणि त्याचे रुंद खांदे त्या चित्रात शोभतात. हाच बॉब रेल्वे यार्डात व्यायाम म्हणून रेल्वेची धुडे उचलतो, तेव्हा त्याच्या मापाचे ओझे काय असते हे कळते.

आपल्याकडच्या गोवर्धनाच्या चित्रात हीच समज दुसऱ्या टोकाने वापरलेली आहे. करंगळीवर पर्वत घेतलेला कृष्ण सहज उभा असतो, धड कललेले नाही, खांदा दबलेला नाही. आजूबाजूचे गोप मात्र काठ्या टेकवून, पाय रोवून जोर लावत असतात. पर्वत जड आहे हे गोपांच्या शरीरांनी सांगितलेले असते, म्हणूनच कृष्णाची सहजता अलौकिक वाटते. गोप काढून टाकले, तर पर्वत हलका वाटू लागेल.

खाली ठेवण्याबद्दल बहुतेक ठिकाणी फार कमी शिकवले जाते, आणि ते बरोबर नाही, कारण अर्धे वजन तिथे असते. भरलेला सिलिंडर खाली जाताना पाय त्याला आवरून धरतात, म्हणून तो उतरतो सावकाश आणि शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये बोटांतून थोडा निसटतो. एक कडा आधी टेकते, मग बाकीचे बूड आदळते. हात सुटताच माणसाचे मागे कललेले धड पुढे येते, खांदे वर जातात, श्वास सुटतो. आणि तो हातातून पडलाच, तर मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पडताना भरलेला आणि रिकामा यांच्यात वेगाचा फरक नसतो. गुडघ्याच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटरवरून, दोघांनाही जमिनीवर यायला साधारण आठ फ्रेम लागतात. जड म्हणून तो चार फ्रेममध्ये खाली आणणे ही नेहमीची चूक आहे. फरक आदळल्यानंतर दाखवावा. भरलेला तिथल्या तिथे बसतो, रिकामा उसळतो, कलंडतो, घरंगळत जातो.

दृश्य पुरे झाल्यावर ते तपासण्याची एक सोपी पद्धत ठिपक्यांच्या त्या प्रयोगातूनच घेता येते. सिलिंडर तेवढा पडद्यावरून लपवायचा, पात्राचा चेहरा झाकायचा आणि ज्याला काहीच सांगितलेले नाही अशा माणसाला दृश्य पूर्ण गतीने एकदाच दाखवायचे. त्याने काय उचलले आणि ते किती किलोचे असेल, एवढेच विचारायचे. उत्तर पंधराच्या खाली आले, तर चेहऱ्याला किंवा हातांना हात लावू नये. आधी कंबर पुरेशी मागे गेली आहे का ते बाजूच्या दृश्यात बघावे आणि मग सिलिंडर जमिनीवर असतानाच्या त्या आठ-दहा फ्रेम उघडाव्यात. दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो, दुरुस्ती तिथूनच सुरू करावी.